अभिलेख कार्यालयाला छायाचित्रांची परवानगी मागताना : पत्र कसे असावे

प्रश्न : आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आहे. अभिलेख कार्यालयात जन्म, विवाह आणि मृत्यूच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या आहेत. त्यांचे मोबाइलने फोटो काढू द्यावेत असे साधे पत्र दिले होते, पण "परवानगी देता येत नाही" एवढेच एका ओळीचे उत्तर आले. पत्र नेमके कसे लिहावे?

उत्तर :

ज्या पत्रांना असे एका ओळीचे उत्तर येते, त्यांत बहुधा "आमच्या कुटुंबाशी संबंधित सर्व जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत" अशा अर्थाचे वाक्य असते. पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिले, तर अशा पत्राला होकार देणे त्याला जवळजवळ अशक्यच असते. कोणत्या वह्या बाहेर काढायच्या, त्या उघडण्याच्या अवस्थेत आहेत का, त्यांतल्या कोणत्या वर्षांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या आहेत आणि घेतलेली चित्रे पुढे कुठे जाणार, यांतले काहीच त्याला कळत नाही. उद्या कोणी विचारले तर फाइलमध्ये दाखवायला त्याच्याकडे आधार नसतो, आणि आधार नसेल तिथे नकार हा सर्वांत सुरक्षित शेरा असतो. म्हणून तुमच्या पत्राने या चार गोष्टी त्याच्या हातात तयार द्यायच्या आहेत.

त्यासाठी पत्र लिहिण्याआधी एक काम पुरे करावे लागते. नोंदवही पाहण्याची परवानगी, तिची छायाचित्रे घेण्याची परवानगी आणि ती छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक ठिकाणी वाचनकक्षाचा साधा अर्ज भरून मिळते. ती आधी घ्यावी, सूची आणि अकारविल्हे अनुक्रमणिका शांतपणे पाहाव्यात आणि आपल्या घराण्याच्या नोंदी कोणत्या वहीत, कोणत्या पानावर आहेत ते पेन्सिलीने उतरवून घ्यावे. आडनाव पूर्वी दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जात असेल, तर प्रत्येक रूप अनुक्रमणिकेत स्वतंत्रपणे शोधावे, कारण नंतर सापडलेल्या पानासाठी पुन्हा पत्र द्यावे लागते आणि दुसऱ्या पत्राकडे पहिल्याइतक्या तत्परतेने पाहिले जात नाही. त्याच भेटीत या वह्यांची सूक्ष्मपट, म्हणजे मायक्रोफिल्म, किंवा डिजिटल प्रत आधीपासून आहे का, तेही विचारावे. जगभरातल्या पुष्कळ नोंदवह्यांचे चित्रण पूर्वीच झालेले आहे. एकट्या अमेरिकेतील यूटाच्या वंशावळ संस्थेने, म्हणजे आजच्या फॅमिलीसर्चने, 1938 पासून सूक्ष्मपट घ्यायला सुरुवात केली आणि 2021 मध्ये आपल्या सुमारे 24 लाख रिळांचे डिजिटल रूपांतर पूर्ण केले. मूळ वही पुन्हा हाताळण्याआधी प्रत्येक अभिलेखपाल हा प्रश्न मनात आणतोच. तेव्हा त्याचे उत्तर पत्रात असलेले बरे. प्रत आहे पण अस्पष्ट आहे, असे असेल तर कोणते पान अस्पष्ट आहे ते लिहावे.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. मी सल्ला दिलेल्या एका कुटुंबाची पहिली मागणी 1880 ते 1930 या काळातील सर्व वह्यांची होती. अनुक्रमणिका पाहिल्यावर प्रत्यक्ष गरज तीन वह्यांपुरतीच उरली : 1893 ते 1911 ची जन्मनोंदवही, 1888 ते 1926 ची विवाहनोंदवही आणि 1897 ते 1915 ची मृत्युनोंदवही. या वह्यांमध्ये एक नोंद समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली होती. डाव्या पानावर अनुक्रमांक, तारीख आणि नाव, तर उजव्या पानावर आईवडील, व्यवसाय आणि माहिती देणाऱ्याची सही. अशी जोडपाने जन्माच्या वहीत 15, विवाहाच्या वहीत 6 आणि मृत्यूच्या वहीत 7, मिळून 28 निघाली.

छायाचित्रे किती लागतील हे पानांच्या संख्येवरून थेट ठरत नाही. पान 40 सेंटिमीटर उंच आणि 26 सेंटिमीटर रुंद होते. नेहमीच्या मोबाइलचे चित्र 4000 गुणिले 3000 बिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, धरले, तर एकेका पानाचे वेगळे चित्र घेतल्यावर दर सेंटिमीटरला सुमारे 100 बिंदू मिळतात आणि दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला 20. दोन्ही पाने एकाच चित्रात घेतली की हेच प्रमाण दर सेंटिमीटरला 75 बिंदूंवर येते, अक्षराला 15 बिंदू उरतात आणि शिवणीजवळची अक्षरे तर वळलेल्या कागदामुळे आणखी आक्रसतात. फिकट शाई आणि मोडी वळणाचे किंवा घाईचे हस्ताक्षर असेल तर हा फरक वाचता येणे आणि न येणे यांमधला असतो. म्हणून पाने वेगवेगळी घ्यायची. पण उजव्या पानावर अनुक्रमांक नसतो; घरी आल्यावर त्या पानाची सातवी ओळ डाव्या पानावरच्या सातव्या नावाचीच आहे हे कशावरून ठरवणार, विशेषतः मध्येच एखादी नोंद दोन ओळींची झाली असेल तेव्हा? त्यासाठी प्रत्येक जोडपानाचे एक एकत्रित चित्रही लागते. म्हणजे जोडपानागणिक तीन, 28 जोडपानांची 84, आणि प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठाचे एक अशी 87 छायाचित्रे झाली. पत्रात "सुमारे 90" असे लिहिले. हा आकडा पत्रात असला की अधिकाऱ्याला वेळेचाही अंदाज येतो. जुनी वही जपून उलटत मिनिटाला एक चित्र या गतीने हे काम दोन तासांत होते, आणि अर्ध्या दिवसासाठी टेबल द्यायला सहसा हरकत घेतली जात नाही.

विवाहाच्या वहीत एक अडचण होती आणि ती फार ठिकाणी येते. तुम्हाला हवी ती नोंद 1896 ची असते, पण वही 1926 पर्यंत चालते, आणि शेवटची वर्षे अद्याप खुली नसतात. किती वर्षांनी नोंदी खुल्या होतात याचा नियम देशागणिक आणि अभिलेखाच्या प्रकारागणिक बदलतो. अमेरिकेत जनगणनेची कुटुंबवार पत्रके 72 वर्षांनी खुली होतात, इंग्लंडमध्ये 100 वर्षांनी. फ्रान्समध्ये जन्म आणि विवाहाच्या नोंदवह्या 75 वर्षांनी खुल्या होतात, पण तिथे ही मुदत नोंदवही बंद झाल्यापासून मोजतात, एकेका नोंदीपासून नव्हे. त्यामुळे जुन्या नोंदीसाठीसुद्धा वहीची शेवटची तारीख विचारात येते. तुमच्या कार्यालयाचा नियम कोणता आहे ते आधी विचारून घ्या, आणि वहीचा शेवटचा भाग बंद असेल तर पत्रात आपण होऊन लिहा की अमुक सालापर्यंतचीच पाने हवी आहेत आणि पुढचा भाग कार्यालयाने पट्टी बांधून बंद ठेवला किंवा पाने कर्मचाऱ्याने उलटली तरी चालेल. वरील कुटुंबाला विवाहनोंदवही या एका वाक्यामुळे मिळाली. त्याआधी पूर्ण वहीच "प्रतिबंधित" म्हणून बाजूला ठेवली गेली होती.

वहीच्या शरीराबद्दलही पत्रात दोन वाक्ये हवीत, आणि ती जाणकाराची वाटली पाहिजेत. जुन्या वह्यांची शाई बहुधा लोह आणि मायफळाची असते. ती आम्लधर्मी असल्याने कागद खाते. अक्षरांभोवती तपकिरी कड दिसते आणि पुढे अक्षराच्या रेषेवरच कागद चिरतो. चामड्याची पाठ कुजली असेल तर हाताला लालसर भुकटी लागते. अशी वही पूर्ण सपाट उघडून दाबली की शिवण सुटते. म्हणून "वही पूर्ण सपाट उघडणार नाही, आपण द्याल त्या उशीवर किंवा आधारावर, बांधणी परवानगी देईल तेवढ्याच कोनात उघडीन" असे लिहावे. फ्लॅश वापरणार नाही, स्वतःचे दिवे आणणार नाही, चित्र घेताना आवाज बंद ठेवीन, हेही सांगावे. पांढरे सुती हातमोजे घालीन असे आश्वासन बरेच जण उत्साहाने देतात. ते देऊ नये. हातमोज्यांत बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि ठिसूळ कडा फाटतात, म्हणून कागदी वह्यांसाठी आज बहुतेक अभिलेखागारे धुतलेले कोरडे हातच पसंत करतात. "हाताळणीबाबत आपल्या सूचना पाळीन" एवढे पुरे.

राहिला वापराचा प्रश्न, आणि माझ्या मते नकारामागे बहुतेक वेळा न बोललेली शंका हीच असते. नोंदीची छायाचित्रे उद्या वारसाहक्काच्या वादात पुरावा म्हणून फिरतील, किंवा संपूर्ण वही इंटरनेटवर चढवली जाईल, याची कार्यालयाला धास्ती असते. छायाचित्र म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे हे तुम्हाला ठाऊक आहे, असे पत्रातच सांगितले की पहिली शंका मिटते. आणि खरोखर पुरावा हवा असेल तर त्या नोंदीपुरती प्रमाणित नक्कल स्वतंत्र अर्जाने मागावी, दोन्ही मागण्या एका पत्रात मिसळू नयेत. प्रसिद्धीबाबत मात्र आज वाटत असेल तेवढेच लिहावे. "केवळ खासगी अभ्यासासाठी" असे लिहून परवानगी घेतली आणि वर्षाने घराण्याचे पुस्तक छापताना त्यात चित्रे टाकली, तर ती परवानगीचा भंग होते. पुस्तकाचा विचार असेल तर तसे आत्ताच सांगावे, किंवा छापण्यापूर्वी वेगळी परवानगी घेईन असे लिहावे. दुसरा मार्ग मला अधिक बरा वाटतो, कारण तोवर कोणती चित्रे छापायची आहेत हे निश्चित झालेले असते. आणखी एक बाब : एका पानावर तुमच्या कुटुंबाची एक नोंद असली तरी आजूबाजूला इतर घरांच्या दहा-पंधरा नोंदी असतात. त्या चित्रात येणारच, पण त्या प्रसृत करणार नाही, असे स्पष्ट लिहावे.

हे सगळे एका पानाच्या पत्रात बसते. कुटुंबाने दिलेल्या पत्राचा मसुदा, ओळख पटेल असे तपशील वगळून, असा होता :

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
(कार्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : तीन नोंदवह्यांतील निवडक पानांची स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या वाचनकक्षातील सूची व अनुक्रमणिका, वाचक ओळखपत्र क्रमांक (…).

महोदय / महोदया,

मी आमच्या घराण्याच्या चार पिढ्यांचा इतिहास कुटुंबातील व्यक्तींसाठी संकलित करीत आहे. आपल्या वाचनकक्षात अनुक्रमणिका पाहिल्यावर खालील तीन नोंदवह्यांत आमच्या कुटुंबाच्या नोंदी आढळल्या : (1) जन्मनोंदवही, 1893 ते 1911, (2) विवाहनोंदवही, 1888 ते 1926, यातील केवळ 1912 पर्यंतची पाने, (3) मृत्युनोंदवही, 1897 ते 1915. प्रत्येक वहीचा सूची क्रमांक, पानांचे क्रमांक आणि नोंदींची वर्षे सोबतच्या परिशिष्टात दिली आहेत. या वह्यांची सूक्ष्मपट किंवा डिजिटल प्रत उपलब्ध नसल्याचे वाचनकक्षात समजले.

सदर 28 जोडपानांची सुमारे 90 छायाचित्रे माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. फ्लॅश, स्वतंत्र दिवे किंवा स्कॅनर वापरणार नाही. वही आपण द्याल त्या आधारावर, बांधणीला ताण न देता उघडीन आणि हाताळणीबाबत आपल्या सूचना पाळीन. विवाहनोंदवहीचा 1912 नंतरचा भाग बंद ठेवावा अथवा पाने आपल्या कर्मचाऱ्याने उलटावीत, यास माझी हरकत नाही. एखादी वही हाताळण्याच्या अवस्थेत नसल्यास ती वगळून उर्वरित वह्यांसाठी परवानगी द्यावी.

छायाचित्रांचा उपयोग मी केवळ कौटुंबिक अभ्यासासाठी करीन. ती प्रमाणित नक्कल नाहीत आणि कोणत्याही कायदेशीर कामात पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. त्याच पानांवरील इतर कुटुंबांच्या नोंदी मी कोणालाही देणार नाही वा प्रसृत करणार नाही. एखादे छायाचित्र पुढे छापावयाचे झाल्यास त्यासाठी आपली स्वतंत्र लेखी परवानगी घेईन आणि कार्यालयाचे नाव व वहीचा सूची क्रमांक नमूद करीन.

नियमानुसार असलेले शुल्क भरण्यास मी तयार आहे. आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी अर्धा दिवस पुरेसा होईल.

आपला / आपली विश्वासू,
(स्वाक्षरी, नाव, पत्ता, दूरध्वनी)

सोबत : परिशिष्ट, ओळखपत्राची प्रत.

या मसुद्यातील एक वाक्य मुद्दाम दाखवतो : "एखादी वही हाताळण्याच्या अवस्थेत नसल्यास ती वगळून उर्वरित वह्यांसाठी परवानगी द्यावी." हे वाक्य नसेल तर एका मोडक्या वहीपायी पूर्ण अर्ज नामंजूर होतो. परिशिष्टही याच विचाराने करावे. त्यात एका ओळीत एकच जोडपान असावे आणि शेवटचा स्तंभ "शेरा" म्हणून रिकामा सोडावा, म्हणजे अधिकाऱ्याला चार ओळी खोडून बाकीच्यांना मंजुरी देता येते आणि तीच यादी वह्या काढणाऱ्या कर्मचाऱ्याच्याही कामी येते. त्या कुटुंबाला मृत्युनोंदवही मिळाली नाही, कारण तिची शिवण सुटलेली होती. उरलेल्या दोन वह्या मिळाल्या आणि मृत्युनोंदवहीतील सात जोडपाने कार्यालयाने दुरुस्तीनंतर स्वतः चित्रित करून देण्याचे कबूल केले.

पत्रात काय नसावे तेही सांगतो. घराण्याची थोरवी, पूर्वजांची कामगिरी, ओळखीच्या माणसांची नावे आणि "अभिलेख हे जनतेचे आहेत" असा युक्तिवाद या सगळ्यांनी पत्र लांबते, पण निर्णयाला लागणारी एकही गोष्ट वाढत नाही. छायाचित्रांची एक प्रत कार्यालयाला भेट देण्याचा प्रस्ताव चांगला असतो, पण तो परवानगीच्या बदल्यात दिल्यासारखा वाटू नये. काम झाल्यावर वेगळ्या पत्राने द्यावा.

पत्र समक्ष द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेची पोच घ्यावी. तीन-चार आठवड्यांत उत्तर आले नाही तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे. पहिले पत्र पुन्हा लिहू नये, कारण मग एकाच विषयाच्या दोन फाइली होतात आणि दोन्ही अडकतात.

तुम्हाला नकार आधीच आला आहे, तेव्हा तुमचे पत्र "संदर्भ" या ओळीत त्या नकाराचा क्रमांक देऊन सुरू करा, आणि मागणी आता निश्चित पानांपुरती मर्यादित केली आहे असे पहिल्याच परिच्छेदात लिहा. जुन्या निर्णयाला चूक न म्हणता नवा निर्णय घ्यायला त्यामुळे जागा मिळते. पुन्हा नकार आला तर कारण लेखी विचारा आणि त्याच पत्रात पर्याय सुचवा : कार्यालयाने स्वतः शुल्क घेऊन चित्रे द्यावीत, किंवा तेवढ्या नोंदींच्या नकला द्याव्यात. कारण वहीची अवस्था असेल तर पहिला पर्याय चालतो, कारण मुदतीचे असेल तर नोंद खुली होण्याचे वर्ष विचारून ठेवावे, आणि स्वतःचा कॅमेरा आणण्यास सरसकट मनाई असेल तर पत्राचा जोर दुसऱ्या पर्यायावर द्यावा.

परवानगी मिळाल्यावर तिचे पत्र छापून सोबत न्या, कारण वाचनकक्षातला त्या दिवशीचा कर्मचारी निराळा असू शकतो. प्रत्येक वहीचे पहिले चित्र मुखपृष्ठाचे घ्या आणि नंतर दर चित्रात पानाच्या बाहेर, कागदाला न टेकता, सूची क्रमांक आणि जोडपानाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाइल पानाला समांतर आहे की नाही हे पानाच्या कडा चित्राच्या चौकटीला समांतर दिसतात का यावरून कळते. वही परत करण्यापूर्वी प्रत्येक तिसरे-चौथे चित्र मोठे करून शिवणीजवळची अक्षरे वाचून पाहा. टेबलावरून वही गेली की त्याच पानासाठी पुन्हा परवानगी मागावी लागते.